पाचशे सत्तर टँकर आणि एक स्लाइड

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या आदल्या रविवारी सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन घरी आले. "तुम्ही आयुष्यभर मासिकाची पानं लावलीत, जरा ही स्लाइड बघा. गिचमिड वाटतेय, पण यातलं काहीच काढता येणार नाही. सगळं महत्त्वाचं आहे."

स्लाइड पाण्याची होती. वर दोन ओळींचं शीर्षक : 'सोसायटीच्या पाणीपुरवठ्याविषयी सन २०२३-२४ चा आढावा, समस्या व प्रस्तावित उपाययोजना'. डावीकडे सात मुद्दे. उजवीकडे बारा महिन्यांचा तक्ता, त्याखाली बारा रंगांच्या फोडी केलेला, जाडी दाखवणारा गोल आलेख, आणि कुठल्या रंगाचा कुठला महिना हे सांगणारी यादी. कोपऱ्यात सोसायटीचं बोधचिन्ह, दुसऱ्या कोपऱ्यात ठिबकणाऱ्या नळाचं चित्र. पाठीमागे फिकट निळ्या लाटा.

सेक्रेटरींचं म्हणणं निम्मं खरं होतं. मजकूर महत्त्वाचा होताच. पण स्लाइडवरची सगळी शाई मजकुराची नव्हती. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकानं १९८३ साली आलेल्या आपल्या पुस्तकात आलेखाची शाई अशीच दोन हिश्शांत मोजली : माहिती सांगणारी शाई आणि नुसती खर्च झालेली शाई. पुसून टाकली आणि माहिती तसूभरही कमी झाली नाही, तर ती दुसऱ्या हिश्शातली. लाटा गेल्या, नळ गेला, बोधचिन्ह गेलं. सभेला येणाऱ्या ४८ घरांना आपण कुठल्या सोसायटीत राहतो हे सांगावं लागत नाही. इथवर सेक्रेटरींची हरकत नव्हती.

गंमत तक्त्यात होती. त्यात चार रकाने होते : महिना, टँकर, दर, रक्कम. दराच्या रकान्यात बाराच्या बारा ओळींत १,२०० होतं, कारण वर्षभर दर बदललाच नव्हता. रकमेचा रकाना म्हणजे टँकर गुणिले १,२००, बस. म्हणजे छत्तीस आकड्यांपैकी चोवीस आकडे नवं काही सांगत नव्हते. 'एका टँकरचे १,२०० रुपये' हे एक वाक्य खाली लिहिलं आणि दोन रकाने पुसले. काय गमावलं? काहीच नाही. ज्याला मे महिन्याची रक्कम हवी त्यानं १२६ ला १,२०० नं गुणावं. आणि खरं सांगायचं तर सभेत ती रक्कम कोणी विचारत नाही, वर्षाची विचारतात. ती होती ६ लाख ८४ हजार, घरटी १४,२५०. हे दोन आकडे मूळ स्लाइडवर होते, पण पाचव्या मुद्द्याच्या मध्यात.

उरले बारा महिन्यांचे टँकर. तेच बारा आकडे खालच्या गोल आलेखात पुन्हा होते, आणि वाचायला अधिक अवघड. बारा फोडींतली कुठली मोठी हे डोळ्याला कळत नाही. जाडी दाखवली की पुढची फोड उगाच फुगते. वर प्रत्येक रंगासाठी यादीकडे हेलपाटा. त्याऐवजी बारा उभे खांब काढले, टँकरचा आकडा खांबाच्या डोक्यावर, महिना पायाशी. आकडे खांबावरच आल्यामुळे बाजूची मोजपट्टी आणि आडव्या रेषा निरुपयोगी झाल्या. रंगांची यादीही गेली. तक्ता गेला, गोल गेला, आणि त्या दोघांतला प्रत्येक आकडा मात्र स्लाइडवरच राहिला. एप्रिल ११८, मे १२६, जून ८४, मार्च ८२ हे चार खांब गडद निळे केले, बाकीचे आठ राखाडी.

आता मुद्दे. ते एकेक वाचून मी सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारत गेलो : हे लोकांनी बघायचंय, ऐकायचंय की घरी न्यायचंय? बोअर मार्चमध्ये आटते, महापालिकेचं पाणी पुरत नाही, हे ते बोलणारच होते. ती दोन वाक्यं स्लाइडखालच्या Notes च्या चौकटीत गेली, जिथे फक्त बोलणाऱ्याला दिसतात. तीन ठेकेदारांची दरपत्रकं ताडून बघायची तर कागद हातात हवा. ती छापील पानावर गेली. बोअर पुनर्भरणाचा प्रस्ताव, त्याचा ३ लाख ६० हजारांचा खर्च म्हणजे घरटी ७,५००, आणि दर पावसाळ्याआधी करायची साफसफाई, याची वेगळी स्लाइड झाली. तो निर्णयाचा भाग होता, आढाव्याचा नव्हे. सातवा मुद्दा 'सर्व सभासदांनी सहकार्य करावे' असा होता. तो कुठेच गेला नाही.

शीर्षकही बदललं. 'आढावा, समस्या व उपाययोजना' हे फाइलचं नाव झालं, सांगणं नव्हे. नवं शीर्षक : '५७० टँकरांपैकी ४१० फक्त चार महिन्यांत'. गडद खांब आणि हे वाक्य एकमेकांना दुजोरा देतात, त्यामुळे गडद रंग म्हणजे काय हे वेगळं लिहावं लागलं नाही.

मी चहा आणायला आत गेलो तेवढ्यात सेक्रेटरींनी आलेख चारही कडांपर्यंत ताणला आणि बोधचिन्ह दुप्पट करून परत आणलं. "एवढी जागा रिकामी कशी ठेवायची?"

मासिकात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांची होती. जुळारी दोन शब्दांमध्ये शिशाचा बुटका तुकडा घाले, दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी. पानावर जी जागा कोरी दिसते ती चौकटीत धातूनं भरलेली असे. नाहीतर खिळे सैल होऊन पानच निखळलं असतं. कोऱ्या जागेला वजन असतं, हे मी शब्दशः हातात धरून शिकलो. स्लाइडवर तिचं वजन दिसत नाही, म्हणून ती फुकट पडलेली वाटते.

ती काय काम करते, हे माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ साली ठिपक्यांच्या साध्या रांगेवरून दाखवलं. सारखे ठिपके एका ओळीत काढा, पण दोन जवळ, मग मोठी फट, पुन्हा दोन जवळ. बघणाऱ्याला सुटे ठिपके दिसत नाहीत, जोड्या दिसतात. रेघ नाही, चौकट नाही. कोण कोणाचं हे नुसतं अंतर सांगतं. मूळ स्लाइडची खरी अडचण हीच होती. मुद्दे, तक्ता, आलेख आणि रंगांची यादी या सगळ्यांमध्ये बोटभर, सारखंच अंतर. यादी आलेखाची की तक्त्याची, हे वाचूनच कळे.

म्हणून कोरी जागा सगळीकडे सारखी वाटली तर काही साधत नाही. तिचा चुरा होतो. अंतरं असमान हवीत. आम्ही आकडा खांबाला जवळजवळ चिकटवला. टँकरच्या दराची ओळ आलेखापासून थोडी खाली ठेवली. शीर्षक आणि आलेख यांच्यात त्याच्या साधारण दुप्पट मोकळीक. हल्लीची रुंद स्लाइड १३.३३ इंच बाय ७.५ इंच असते; तिच्या चारही बाजूंना पाऊण इंचाचा समास सोडला आणि तो कशानंही ओलांडायचा नाही असं ठरवलं. उरलेली जागा उजवीकडे एकत्र ठेवली, आणि तिच्यात एकटा '१४,२५० रुपये घरटी' हा आकडा. भोवती काही नसल्यामुळे तो फार मोठा करावा लागला नाही.

मराठी मजकुराची एक खास पंचाईत इथे सांगायला हवी. चौकटीत मजकूर मावेना की पॉवरपॉइंटची AutoFit सोय गुपचूप अक्षरं लहान करते आणि ओळींमधलं अंतरही आवळते. रोमन लिपी ते कसंबसं सोसते. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो. सेक्रेटरींच्या मुद्द्यांत नेमकं हेच झालं होतं. 'पुरवठा' मधला उकार खालच्या 'निविदा'वर टेकला होता. असं दिसलं की अक्षर लहान करू नये. एक ओळ काढावी. मी ती सोय बंद करूनच काम करतो. मग जादा मजकूर चौकटीबाहेर सांडतो आणि निदान दिसतो तरी.

या छाटणीला मर्यादा आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान परतीच्या वाटेवर कोसळलं. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच अभियंत्यांनी त्या धोक्याचं विश्लेषण स्लाइडवर मांडलं होतं. एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. तळाशी, मुद्द्याच्या पोटमुद्द्यात, आदळलेल्या तुकड्याचा अंदाज १,९२० घन इंच आणि चाचणीतला तुकडा ३ घन इंच, असं लिहिलेलं होतं. म्हणजे चाचणी सहाशेपट लहान तुकड्याची. चौकशी मंडळानं अहवालात या मांडणीवर बोट ठेवलं. पण टफ्टीचं उत्तर 'स्लाइड मोकळी करा' असं नव्हतं. असल्या विश्लेषणाला सलग वाक्यांत लिहिलेला, कागदावरचा अहवाल हवा, असं तो म्हणत राहिला. मोकळी स्लाइड बोलणाऱ्या माणसासोबत चालते. जी स्लाइड उद्या मेलवरून, बोलणाऱ्याशिवाय फिरणार आहे, तिच्यातून काढलेलं वाक्य खरंच हरवतं. म्हणून आमच्याकडे मूळ तक्ता चारही रकान्यांसकट छापील पानाच्या मागे राहिला.

शेवटी मी Slide Sorter उघडून दोन्ही स्लाइड काडेपेटीएवढ्या करून दाखवल्या. जुनीत राखाडी गोंधळ दिसत होता. नवीत चार निळे खांब आणि एक आकडा. सेक्रेटरींनी बोधचिन्ह स्वतःच काढलं.

सभेत स्लाइड लागली आणि कोणी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतल्या आजींनी विचारलं, "अहो, डिसेंबरचा खांब का वर आलाय? थंडीत ३८ टँकर?" नोव्हेंबर १४, जानेवारी १८, मध्ये डिसेंबर ३८. हा आकडा जुन्या तक्त्यात नवव्या ओळीत होता, तो सेक्रेटरींनी स्वतः भरला होता आणि मी दोनदा वाचला होता. खजिनदार ताईंनी वही चाळली. पंप जळाला होता, अकरा दिवस.