उसाच्या फडात ऊन किती साठतं? रुपयाला जेमतेम एक पैसा!

चिकोडी, अथणी, रायबाग असो की महाराष्ट्रातलं शिरोळ, उसाचा हिशेब टनावर होतो. पण टन येतो तो उन्हातूनच. मग शेतावर पडलेल्या उन्हापैकी ऊस नेमकं किती साठवतो?

एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर फड धरू. या पट्ट्यात दर चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे 5.2 युनिट ऊर्जेचं ऊन पडतं. युनिट म्हणजे वीजबिलातलंच. हेक्टरवर वर्षाला ही जमा होते जवळपास 1 कोटी 90 लाख युनिट.

आता साठवण. एकरी 40 टन, म्हणजे हेक्टरी 100 टन ऊस निघाला असं समजा. त्यात सुमारे 70 टक्के पाणीच असतं. कोरडा माल उरतो 30 टन. वाढे आणि पाचट यांचे कोरडे 12 टन धरले की एकूण 42 टन. एका किलोत साधारण 4.7 युनिट ऊर्जा असते, म्हणजे साठले जवळपास 2 लाख युनिट. प्रमाण झालं एक टक्का! साखरेचा वाटा तर त्याच्याही चौथ्या हिश्श्याएवढा.

बाकीचं ऊन जातं कुठे? जवळपास निम्मं पानाच्या कामाचंच नसतं. उरलेल्यातलं बरंचसं साखर तयार होताना उष्णता बनून जातं आणि तयार झालेल्यातलं काही पीक श्वसनात खर्च करतं. ऊस अत्यंत कार्यक्षम पीक असला तरी त्याच्यासारख्या पिकांची सैद्धांतिक कमाल मर्यादा सहा टक्क्यांच्या आसपासच आहे.

पण सहावरून एकवर येण्याचं एक मोठं कारण शेतातच दिसतं. सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत होते. एप्रिल-मेमध्ये ऊन सर्वात कडक, पण तेव्हा पीक लहान, सऱ्या उघड्याच. ऊन पानावर न पडता मातीवर पडतं. पानं जुळून येतात तोवर पावसाळी ढग आलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी उसाला उन्हाळ्यात पानं जास्त असतात, म्हणून तेच ऊन त्याच्या पदरात पडतं. अर्थात त्या दिवसांत पाणी तुटलं, तर पानं गुंडाळतात आणि हा फायदा जातो.

आडसालीचा टनेज मोठा दिसतो, पण तिथे ऊनही जास्त महिन्यांचं खर्ची पडतं. 18 महिन्यांत एकरी 60 टन म्हणजे 12 महिन्यांत 40 टनच, टक्का तोच. त्यामुळे दोन फडांची तुलना करताना टनाला महिन्यांनी भागावं.

आपल्या फडाची गळती पाहायची तर भर दुपारी सरीत उभं राहावं. जमिनीवर उन्हाचे मोठे पट्टे दिसले तर तेवढं ऊन वाया चाललंय. लागण कोवळी असतानाच नांग्या भरल्या तर हे पट्टे कमी होतात. सुरुवातीच्या उघड्या सरीत भुईमूग किंवा भाजीपाल्याचं आंतरपीक घेतलं, तर मातीवर पडणारं तेच ऊन दुसऱ्या पिकाच्या खात्यात जमा होतं.