आठ मिली औषध, बारा मिली सलाईन

बाळंतपणाच्या वॉर्डात एखाद्या गरोदर बाईला अचानक झटके येतात, रक्तदाब चढलेला असतो. एक्लाम्प्सियाचं निदान करून डॉक्टर मॅग्नेशियम सल्फेट सांगतात. पहिला डोस शिरेतून ४ ग्रॅम. हाताशी असते ५० टक्क्यांची २ मिलीची ॲम्प्यूल, म्हणजे एका ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम औषध. चार ॲम्प्यूल काढल्या की ८ मिली होतात. त्यात १२ मिली नॉर्मल सलाईन मिसळली की २० टक्क्यांचं २० मिली द्रावण तयार होतं. ते हळूहळू, निदान पाच मिनिटं घेऊन द्यायचं. हे काम बहुतेक वेळा सिस्टरच्या हातून होतं. ते तिला नक्की कधी शिकवलं आणि तिला येतंय हे कुणी पाहिलं?

जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, हा आपल्याकडचा तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा. अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषद ठरवते आणि शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असतात. अभ्यासक्रमाचं पुस्तक विषयवार असतं. पेशंटचं दुखणं मात्र विषय बघून येत नाही. म्हणून काही शिक्षिका कौशल्यांचा नकाशा करतात. मोठ्या कागदावर किंवा एक्सेलमध्ये डाव्या बाजूला एकाखाली एक कौशल्यं आणि वर आडवे तीन वर्षांचे विषय आणि पोस्टिंग. प्रत्येक चौकटीत दोन नोंदी: इथे ओळख करून दिली, सराव घेतला की एकटीने करण्याइतकी तयारी झाली, आणि हे तपासलं कसं.

मॅग्नेशियम सल्फेटची ओळ भरायला घेतली की गंमत दिसते. वरवर पाहता हा तिसऱ्या वर्षाच्या मिडवाइफरीचा धडा. पण टक्क्यांचं गणित, सिरिंज भरणं, श्वास मोजणं आणि लघवीचं माप ठेवणं ही पहिल्या वर्षाची, नर्सिंग फाउंडेशनची कामं. गुडघ्याचा रिफ्लेक्स दुसऱ्या वर्षी, मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमध्ये मेंदू आणि मज्जासंस्थेची तपासणी शिकताना हाताखालून जातो. आणि पुढचा डोस देण्याआधी हेच सगळं लागतं: श्वास मिनिटाला निदान १६, गुडघ्याचा रिफ्लेक्स शाबूत, लघवी तासाला निदान ३० मिली. औषध शरीरात जास्त झालं की आधी रिफ्लेक्स जातो आणि मग श्वास मंदावतो. रिफ्लेक्स बघता न येणाऱ्या सिस्टरला पहिली सूचना मिळतच नाही. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ तयार ठेवावं लागतं, तेही याच ओळीत आलं पाहिजे.

आता दुसरी नोंद, तपासणीची. समजा एका स्कूलने ही ओळ प्रामाणिकपणे भरली. डोसचं गणित लेखी परीक्षेत येतं, लक्षणं तोंडी परीक्षेत विचारली जातात. रिफ्लेक्ससमोर लिहिलंय ‘वॉर्डमध्ये शिकवला’ आणि तपासणीची जागा कोरी. चार ॲम्प्यूल हातात घेऊन ८ अधिक १२ मिली भरताना मात्र तिन्ही वर्षांत एकदाही कुणी पाहिलेलं नाही. शिकवलेलं भरपूर आहे, बघितलेलं काहीच नाही. नकाशा करण्याचा खरा फायदा अशी कोरी चौकट सापडण्यात आहे.

उपाय फार खर्चाचा नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत एक टेबल वाढवायचं: रिकाम्या ॲम्प्यूलमध्ये साधं पाणी, एक सिरिंज, एक केसपेपर. विद्यार्थिनीने डोस भरायचा, परीक्षकाने यादीवर एकेक पायरी टिकवायची. शेजारच्या टेबलावर सहविद्यार्थिनीच्या गुडघ्याचा रिफ्लेक्स. हे मॉडेलवरच तपासायला हवं, कारण लेबर वॉर्डच्या पोस्टिंगमध्ये प्रत्येकीला एक्लाम्प्सियाची पेशंट भेटेलच असं नाही. शिवाय बॅचचे गट पाळीपाळीने फिरतात. एखादा गट व्याख्यानाआधीच लेबर वॉर्डला जाऊन येतो. नकाशात विषयासोबत महिने लिहिले नसतील तर हा घोळ दिसत नाही.

नकाशा फसतो तो बहुतेकदा भरताना. तपासणी येणार म्हटल्यावर एकीनेच पुस्तक समोर ठेवून संध्याकाळभरात सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या, की कागद देखणा होतो आणि निरुपयोगीही. प्रत्येक शिक्षिकेने आपापला विषय भरावा, वॉर्डच्या सिस्टर इनचार्जलाही विचारावं. तिथे तिचं उत्तर बरेचदा वेगळं असतं.

ज्यांच्या घरची मुलगी किंवा मुलगा यंदा जीएनएमला प्रवेश घेणार आहे, त्यांनी स्कूलमध्ये इमारत आणि वसतिगृह बघून झाल्यावर एवढंच विचारावं: इंजेक्शनचा डोस भरताना तुम्ही प्रत्येकाला स्वतः बघता का, कोणत्या वर्षी, आणि त्याची नोंद कुठे आहे?