टेलरच्या पाटीवरची ओळ

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण इथे पोरासोरांच्याही तोंडी आहे. चारच शब्द, शेवटी यमक, जोडाक्षर एकही नाही. जुना जालन्यातल्या टेलरने ओळ निवडताना हेच पाहावं.

‘सर्व प्रकारचे कपडे उत्कृष्ट शिवून मिळतील’ ही कामांची यादी झाली. ती पाटीवर खाली, बारीक अक्षरात चालेल. गिऱ्हाइकाला खरी धास्ती तारखेची. म्हणून: ‘ठरला वार, कपडा तयार!’

आता परीक्षा. ओळ फोनवर एकदाच ऐकवा, दुसऱ्या दिवशी विचारा. समोरच्याने शब्द बदलून सांगितली, तर त्याचेच शब्द घ्या.

मात्र लग्नसराईत वार चुकणार असेल, तर हीच ओळ गिऱ्हाईक तुम्हाला ऐकवेल. तेव्हा वचन फिटिंगचं द्या.