ऑड्सच्या पोटात दडलंय काय?

इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या एका मैत्रिणीने मध्यंतरी तीन स्क्रीनशॉट पाठवले. मॅच तीच, संघ तोच, पण एकात ऑड्स ६/४, दुसऱ्यात २.५० आणि तिसऱ्यात +१५०. ‘यातला भारी भाव कुठला?’ हा तिचा प्रश्न. उत्तर थोडं निराश करणारं आहे: तिन्ही भाव एकच आहेत, फक्त कपडे वेगळे. (तिकडे बेटिंग कायदेशीर आहे. आपल्याकडे संसदेने २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे, तेव्हा इथे फक्त गणित बघू.)

सगळ्यात सोपा प्रकार डेसिमल. २.५० म्हणजे एक पौंड लावला आणि जिंकलात तर तुमच्या पौंडासकट अडीच पौंड हातात. आता १ भागिले २.५० करा. येतात ०.४०, म्हणजे ४० टक्के. याचा अर्थ काय? अशा शंभर पैजा एकेक पौंडाने लावल्या आणि त्यातल्या बरोबर ४० जिंकल्या, तर ४० गुणिले अडीच, म्हणजे शंभरच पौंड परत येतात. ना नफा, ना तोटा. ऑड्समध्ये दडलेली शक्यता म्हणतात ती हीच.

६/४ हा ब्रिटिश प्रकार. चार लावा, जिंकलात तर सहा नफा, शिवाय तुमचे चार परत. नवखे लोक इथे हमखास ४ भागिले ६ करतात आणि ६७ टक्के काढून खूश होतात. पण खाली बेरीज हवी: ४ भागिले (६ + ४). पुन्हा ४० टक्केच.

मनीलाइन हा अमेरिकन प्रकार, आणि खरा गोंधळ इथेच. अधिक चिन्ह असेल तर शंभर लावल्यावर किती नफा, ते कळतं. +१५० साठी १०० भागिले (१५० + १००), म्हणजे ४० टक्के. उणे चिन्ह असेल तर शंभर कमवायला किती लावावे लागतील, ते कळतं. -१५० चं उणे चिन्ह सोडून द्या आणि १५० भागिले (१५० + १००) करा, ६० टक्के येतात. उणे बघून संघ कमकुवत वाटतो, पण प्रत्यक्षात तोच फेव्हरिट असतो.

इथवर जमलं की पुढची पायरी बघाच, कारण पैसे तिथेच जातात. समजा एका फुटबॉल मॅचचे ऑड्स असे आहेत: यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.६०. शक्यता काढल्या तर ४७.६, २९.४ आणि २७.८ टक्के. बेरीज करा. १०४.८! मॅचचा निकाल या तिन्हींपैकी एकच लागणार, मग शक्यतांची बेरीज शंभरच असायला हवी. वरचे ४.८ बुकीचे. प्रत्येक भाव त्याने थोडा थोडा कमी ठेवलाय, म्हणून शक्यता फुगलेल्या दिसतात.

ही फुगवटी काढायला प्रत्येक आकड्याला १.०४८ ने भागा. यजमानांचे ४७.६ उतरून ४५.४ होतात, बरोबरी २८.१ आणि पाहुणे २६.५. आता बेरीज शंभर. म्हणजे यजमानांवर पैसे लावणाऱ्याला बरोबरीत सुटायला शंभरपैकी ४७.६ वेळा जिंकावं लागेल, आणि बुकीचेच आकडे सांगतात की ते साधारण ४५ वेळा जिंकतील. ‘आपला संघ चांगला आहे’ एवढ्याने ही दरी भरत नाही. तुमचा अंदाज बुकीपेक्षा दोन टक्क्यांहून जास्त अचूक हवा, आणि तोही दर वेळी.

अर्थात सरसकट भागाकार ही सोय आहे. ज्याची जिंकायची शक्यता फारच कमी, त्याच्यावर बुकी सहसा जास्त फुगवटी लावतो. मोठ्या भावाचा मोह लोकांना जास्त असतो ना!

लेस्टर सिटीचंच बघा. २०१५-१६ च्या हंगामाआधी प्रीमियर लीगच्या विजेतेपदासाठी त्यांचा भाव काही बुकींकडे ५०००/१ होता. आपल्या हिशेबाने १ भागिले ५००१, म्हणजे ०.०२ टक्के. लेस्टर जिंकलं आणि बुकींना लाखो पौंड मोजावे लागले. इंग्लिश फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ मध्ये. पाच हजार हंगाम अजून कुणी पाहिलेलेच नाहीत, त्यामुळे तो आकडा मोजून आलेला नव्हता. ‘हे काही जिंकत नाहीत’ म्हणून कुणीतरी लावलेली ती एक किंमत होती.