शंभरीचं अभीष्टचिंतन: पणजीला ऐकू जाईल असं

नांदेड-लातूरकडे आज ज्या पणज्या शंभरीला पोचल्या, त्या निजामाच्या राज्यात जन्मल्या. जन्माची नोंद क्वचितच, शाळेचा दाखला त्याहून क्वचित. शाळा शिकलेल्या पुरुषांच्या कागदावरही फसली सन असायचा; १३३५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९२५ ते ऑक्टोबर १९२६. आधार कार्डावर पुष्कळदा १ जानेवारी दिसते, ती सोयीची तारीख. म्हणून शुभेच्छापत्र लिहायला बसण्याआधी वय जुळवावं लागतं.

समजा पणजी म्हणते, "रझाकाराच्या टायमाला थोरलं पोर दोन वर्षांचं होतं." रझाकारांचा जोर १९४७-४८चा, म्हणजे पोराचा जन्म १९४५-४६चा. पहिलटकरणीचं वय वीसच्या आसपास धरलं तर जन्म १९२५-२६ला येतो. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होणारच, तेव्हा मजकुरात नेमकी तारीख ठोकून देऊ नये. "माय, तू शंभरी गाठलीस" एवढं खरं आणि पुरेसं आहे.

पुढचा मजकूर तिच्या आयुष्यातल्या खुणांवर उभा करावा. रझाकारांच्या धास्तीनं लातूरकडची घरं बार्शी-सोलापूरकडे गेली, नांदेडकडची पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात. मग १७ सप्टेंबर १९४८. पुढे १९७२चा दुष्काळ, खडी फोडायची कामं आणि वाटली जाणारी सुकडी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप. यातलं तिनं जे भोगलं तेवढंच घ्यावं; "तू अनेक स्थित्यंतरं पाहिलीस" असलं मानपत्री वाक्य तिला परकं वाटतं. "बहात्तरला तू खडी फोडून घर जगवलंस," हे तिला कळतं. गेलेल्या लेकराचं नाव घ्यायचं की नाही, हे मात्र तिच्याजवळ राहणाऱ्या सुनेला आधी विचारावं.

वाचताना सगळ्यात जास्त बिघडतं. तीस माणसं एका सुरात वाचू लागली की आवाज मिसळतात आणि म्हातारीला नुसता गलका ऐकू येतो. उतारवयात आधी बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे लहान पोरांचं बोलणं तिला सगळ्यात कमी कळतं. माईकनं आवाज मोठा होतो, पण मंडपात घुमून शब्द फुटतात. त्यापेक्षा कूलर बंद करावा, वाचणाऱ्यानं समोर, उजेडात, तिला ओठ दिसतील असं बसावं आणि ओरडण्याऐवजी जाड आवाजात सावकाश वाचावं. लेक, नातू, नातसून, पणतू अशी एकेकानं दोन-चार वाक्यं घ्यावीत. पणतूचं वाक्य ती ज्याचा आवाज ओळखते त्यानं तिच्या कानाशी पुन्हा सांगावं. सगळ्यांनी मिळून फक्त शेवटची ओळ म्हणावी. पाच मिनिटं पुरे, तीही सकाळी, ती ताजीतवानी असताना.

वाचन संपलं की लगेच औक्षणाला उठू नका. ती बोलेल, "तसं नव्हतं रे," म्हणून तुमच्या मजकुरातली चूक काढेल. ती दुरुस्ती त्याच कागदाच्या मागं, त्या दिवसाची तारीख घालून लिहून ठेवा.