कॉइल, लिक्विड की क्रीम?

झोपण्याच्या खोलीत खिडक्या लावून रात्रभर कॉइल जाळणे ही आपल्याकडची सर्वांत घातक सवय. कॉइलमध्ये डास पळवणारे औषध अगदी थोडे असते. बाकी सगळा लाकडाचा वा नारळाच्या करवंटीचा भुसा. तो धुमसत राहतो आणि धूर आपण श्वासात घेतो. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३च्या एका अभ्यासात मोजले गेले. ‘कमी धुराची’ कॉइल डोळ्यांना झोंबत नाही, पण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड बरेच निघू शकते. दमेकरी किंवा तान्हे बाळ असलेल्या घरात तर ती नकोच.

लिक्विड मशीनमध्ये काही जळत नाही. गरम वातीवरून ट्रान्सफ्लुथ्रिनची वाफ होते. झोपण्याआधी अर्धा तास ते लावावे, उशाशी ठेवू नये आणि खिडकी थोडी उघडी असावी. पंख्याच्या जोरदार वाऱ्यात मात्र वाफ पांगते आणि डास पुन्हा चावू लागतात.

डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो, तेव्हा ही मशीन बहुधा बंदच असते. तिथे क्रीम कामाची. ती हात, पाय, मान अशा उघड्या त्वचेवर सगळीकडे लागली पाहिजे; सुटलेल्या जागी डास बरोबर चावतो. घाम आला की पुन्हा लावा. मुलांच्या तळहातांना लावू नका, ते तोंडात जातात. दोन महिन्यांखालील बाळाला क्रीम नको, मच्छरदाणीच लावा.