मधल्या फटीत किती जोर?

घर बदलताना पुस्तकांची दोन खोकी एकामागे एक ठेवून ढकलली, तर पुढच्या खोक्याला हात न लावताही ते सरकतं. त्याला ढकलतं ते मागचं खोकं. पण किती जोरानं? मागचं खोकं २० किलोचं, पुढचं १० किलोचं आणि आपला जोर ६० न्यूटनचा धरू. घर्षण तूर्त विसरू.

पुष्कळजण पटकन सांगतात, ६० न्यूटन. जोर नळातल्या पाण्यासारखा एकीकडून शिरून दुसरीकडून जसाच्या तसा निघतो, अशी आपली समजूत असते. ती खरी मानून पाहा. पुढच्या खोक्यावर ६० न्यूटन पडले, तर ते मागच्यालाही तितक्याच जोरानं उलट रेटेल. मग मागच्यावर हाताचे ६० आणि उलट ६०, बाकी शून्य. त्याचा वेग वाढणारच नाही, आणि पुढचं मात्र निसटून जाईल. तसं तर होत नाही.

दोन्ही खोकी चिकटून एकाच गतीनं जातात, इथेच गणिताची किल्ली आहे. आधी दोन्ही मिळून ३० किलोची एकच वस्तू समजा. ६० भागिले ३०, म्हणजे त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता फक्त पुढच्या खोक्याकडे बघा. आपला हात त्याला लागतच नाही. त्याला पुढे नेणारं एकच बल म्हणजे मागच्याचा रेटा. १० गुणिले २, म्हणजे २० न्यूटन. ताळा मागच्यावर करा: ६० वजा २० बरोबर ४०, आणि २० किलोला २ चं त्वरण द्यायला ४०च लागतात.

आता त्याच खोक्यांना दुसऱ्या टोकानं, हलक्या बाजूनं ढकला. त्वरण तेच राहतं, पण रेटा आता २० किलोला न्यायचा आहे, म्हणून तो ४० न्यूटन होतो. मध्ये स्पंज ठेवला, तर तो या खेपेला जास्त दबलेला दिसेल.

घर्षणाची गंमत वेगळीच. दोन्ही खोक्यांचे तळ सारखे असतील आणि ती सरकत असतील, तर घर्षण वजनाच्या प्रमाणात अडवतं: समजा २० आणि १० न्यूटन. मूळ दिशेनं ढकलताना उरले ३०, त्वरण १. पुढच्याला वेगासाठी १० आणि घर्षणासाठी १०, म्हणजे रेटा पुन्हा २०च! पण फक्त पुढच्याखाली गुळगुळीत कापड घालून त्याचं घर्षण जवळजवळ घालवलं, तर तो साधारण १३ वर येतो.

खोकी हलतच नसतील, तर मात्र ही रीत लागू पडत नाही. आपण १५ न्यूटननं ढकललं, तर मागच्याचं घर्षणच ते सगळं पेलू शकतं. तेव्हा मधला रेटा शून्यही असेल किंवा थोडाफार असेल. खोकी आधी कशी टेकवून ठेवली होती, त्यावर ते ठरतं.